शतायुषी हो, व्हा की व्हावे?

बोलताना मराठी माणूस तू, तुम्ही आणि आपण यांत सहसा अडखळत नाही. आईला 'अगं' आणि बाबांना 'अहो' हे त्याला वेगळे शिकवावे लागत नाही. तोच माणूस वाढदिवसाचा संदेश लिहायला बसला की पहिल्या ओळीत 'तुम्हाला', दुसरीत 'आपल्या' आणि तिसरीत 'असाच हसत राहा' असे लिहितो. वाचणाऱ्या काकांना त्यात चूक सापडेलच असे नाही, पण तीन वेगवेगळ्या माणसांनी मिळून लिहिल्यासारखा तो मजकूर त्यांना वाटतो. अहो-जाहो आणि अरे-तुरे यांचा प्रश्न आपण सर्वनामाचा समजतो. शुभेच्छांच्या बाबतीत तो सर्वनामापेक्षा क्रियापदाचा आहे, कारण सर्वनाम गाळता येते. क्रियापदाचा शेवट गाळता येत नाही. 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' एवढेच लिहून थांबले तर काहीच ठरवावे लागत नाही. त्यापुढे एक वाक्य लिहायचे म्हटले की समोरचा माणूस आपला कोण, हे सांगणे भाग पडते.

आधी घरातली वाटणी पाहू. एका सामान्य मराठी घरात आई, आजी, मावशी, आत्या यांना तू आणि बाबा, आजोबा, काका, मामा यांना तुम्ही, अशी रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. ती वयाने ठरलेली नाही, कारण आजी सगळ्यांत मोठी असूनही 'तू'च असते. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन या अभ्यासकांनी 1960 साली युरोपीय भाषांतल्या अशा सर्वनामांवर एक निबंध लिहिला. सत्ता आणि जवळीक या दोन ताकदी सर्वनाम ठरवतात, आणि काळाबरोबर जवळिकीचे पारडे जड होत जाते, असे त्यांचे म्हणणे. मराठी घराला ते बरेच लागू पडते. घरातला अधिकार ज्याच्याकडे, त्याला तुम्ही. जिच्या कुशीत शिरायचे, तिला तू. बायको नवऱ्याला 'अहो' म्हणे आणि नवरा तिला 'अगं', त्यामागेही हेच. आता शहरांत 'ए बाबा' सर्रास ऐकू येते, नवरा-बायको एकमेकांना तू म्हणतात, आणि आजोबासुद्धा नातवंडांकडून 'तू' म्हणवून घेतात. सासूबाईंचे मात्र फारसे बदललेले नाही. सून 'आई' म्हणते, पण 'अहो आई' म्हणते.

आईला 'तू' म्हणणे हा कमी आदर नव्हे, हे इथे स्पष्ट सांगायला हवे. देवालाही आपण प्रार्थनेत तू म्हणतो. म्हणून आईच्या पंचाहत्तरीला शुभेच्छापत्र लिहिताना एखाद्याला एकदम 'आपण' सुचते, तेव्हा तो आदर वाढवत नाही, आईला परकी करतो. माझा नियम साधा आहे: तोंडाने जे म्हणतो, तेच लिहावे. सर्वनाम बदलायचे ते फक्त जाहीर मजकुरात, आणि तेही तिच्याविषयी लिहिताना. निमंत्रणपत्रिकेवर 'आमच्या मातोश्री पंचाहत्तराव्या वर्षात पदार्पण करीत आहेत' हे योग्य, कारण ते तिऱ्हाइताला सांगितलेले आहे. तिच्या हातात द्यायच्या चिठ्ठीत ती 'तू'च राहावी.

आता क्रियापदाकडे येऊ. आज्ञार्थात तू घे, तुम्ही घ्या, आणि विध्यर्थात आपण घ्यावे. तू हो, तुम्ही व्हा, आपण व्हावे, अशा तीन पायऱ्या स्पष्ट दिसतात. पण काही क्रियापदे या बाबतीत मुकी आहेत. खा, जा, गा यांची एकेरी आणि आदरार्थी रूपे एकच. 'राहा'ही तसेच: तू राहा, तुम्ही राहा. आणि शुभेच्छांमध्ये वारंवार येणारे क्रियापद नेमके हेच आहे. 'सुखी राहा', 'आनंदी राहा', 'निरोगी राहा' यांत सुखी, आनंदी, निरोगी ही विशेषणेही बदलत नाहीत. म्हणजे 'आनंदी राहा' हे वाक्य भाचीला, वहिनींना आणि निवृत्त मुख्याध्यापकांना जसेच्या तसे पाठवता येते. कोणाला काय म्हणावे याची खात्री नसेल तेव्हा हे रूप हाताशी असावे.

हीच सोय पुढच्या शब्दात निसटते. 'असाच हसत राहा' यात 'राहा' काही सांगत नाही, म्हणून सगळा भार 'असाच'वर येतो. मित्राला 'असाच', मैत्रिणीला 'अशीच', काकांना 'असेच'. आणि सासूबाईंना? तुम्ही म्हणत असू तर 'अशाच हसत राहा'. बाईला आदरार्थी बहुवचन लावले की विशेषणही स्त्रीलिंगी बहुवचनात जाते, जसे 'आजी आल्या', 'बाई गेल्या'. 'असेच' क्रियाविशेषण म्हणून चालून जाते, त्यामुळे ते चूक म्हणता येणार नाही. पण 'अशाच' वाचले की मजकूर त्यांच्यासाठीच लिहिला आहे, सगळ्यांना पाठवलेला नाही, हे कळते. तयार संदेश पुढे ढकलताना पहिली चूक इथेच होते. एखाद्या मित्रासाठी लिहिलेला 'असाच' काकूंपर्यंत तसाच पोचतो.

भूतकाळात तर लपायला जागाच नाही. 'मला सायकल शिकवलीस' यातला 'स' आणि 'शिकवलीत' यातला 'त' सर्वनाम नसतानाही नाते सांगून टाकतात. कर्त्याला तृतीया असली, क्रियापद कर्माप्रमाणे चालत असले, तरी हा शेवटचा वर्ण कर्त्याची ओळख धरून राहतो. आभार मानणाऱ्या शुभेच्छांमध्ये, गुरुपौर्णिमेला किंवा निरोपसमारंभात, म्हणून या 'स' आणि 'त'कडे लक्ष ठेवावे. 'सर, तुम्ही मला खूप शिकवलं' यात 'त' गळाला आहे. बोलण्यात तो बऱ्याचदा गळतो आणि कोणाला खटकत नाही. लिहिताना 'शिकवलंत' लिहिले की वाक्य नीट उभे राहते.

पण रूप बरोबर असूनही वडीलधाऱ्यांना दिलेली शुभेच्छा कधीकधी अवघड वाटते. 'आजोबा, शतायुषी व्हा!' यात व्याकरण चुकलेले नाही, आदरार्थी 'व्हा' आहे. तरीही जुन्या वळणाच्या माणसाला हे वाक्य उलट्या दिशेने चालल्यासारखे वाटते. कारण आज्ञार्थाने केलेली इच्छा म्हणजे आशीर्वाद, आणि आशीर्वाद वरून खाली येतो. 'औक्षवंत हो', 'यशस्वी हो', 'मोठा हो' ही सगळी थोरांच्या तोंडची वाक्ये. संस्कृतातून आलेले 'आयुष्मान भव' यातला 'भव'सुद्धा एकेरीच. धाकट्याने थोराला द्यायचा तो नमस्कार, आणि त्याच्यासाठी करायची ती प्रार्थना.

या प्रार्थनेसाठी मराठीत एक सुंदर रूप तयार आहे, ते म्हणजे 'ओ'ने संपणारे: लाभो, मिळो, होवो, राहो. 'आपल्याला उदंड आयुष्य लाभो' या वाक्याचा कर्ता आजोबा नाहीत, आयुष्य आहे. इच्छा करणारा आजोबांना काही करायला सांगत नाही. आयुष्याने त्यांच्याकडे यावे असे म्हणतो, आणि स्वतः बाजूला राहतो. आदर सर्वनामात किती आहे हा प्रश्न इथे मागे पडतो. 'तुला उदंड आयुष्य लाभो' असे आजीला म्हटले तरी ते खालून वर गेलेलेच वाटते. मोठ्यांना शुभेच्छा देताना एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर मी या 'ओ'कडे बोट दाखवीन.

त्यात दोन चुका वारंवार दिसतात. 'आपल्या सर्व इच्छा पूर्ण होवो' ही पहिली. कर्ता 'इच्छा' आणि त्या अनेक, म्हणून 'होवोत'. 'सुखाचे दिवस येवो' नव्हे, 'येवोत'. दुसरी चूक उलट बाजूची: 'आपण शतायुषी होवो'. इथे कर्ता समोरचा माणूस आहे, आणि 'होवो' तृतीय पुरुषाचे रूप आहे. ते त्याला लागत नाही. माणसालाच कर्ता करायचे तर 'आपण शतायुषी व्हावे, ही प्रार्थना' असे 'वे'चे रूप घ्यावे. ते आज्ञार्थाइतके थेट नाही. लग्नपत्रिकेतले 'अगत्य येण्याचे करावे' याच घरातले.

जुन्या पत्रांच्या मायन्यांत ही सगळी उतरंड पहिल्या ओळीतच ठरून जात असे. वडिलांना 'तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार', मुलाला 'चिरंजीव अमुक यास अनेक उत्तम आशीर्वाद'. 'यास' आणि 'यांस' यांत एका टिंबाचा फरक, पण त्यात वय, नाते, मान सगळे मावते. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांत याला जागा आहे: अनेकवचनी सामान्यरूपावर विभक्तिप्रत्यय लावताना अनुस्वार द्यावा, आणि आदरार्थी बहुवचनातही तसाच द्यावा. म्हणून मुख्यमंत्र्यांचा, शिक्षकांना, आपणांस. याच नियमाने 'तुम्हांला'ही अनुस्वारासह लिहायचे. आज बहुतेक जण 'तुम्हाला' लिहितात आणि मीही इथे तेच लिहितो आहे, कारण 'तुम्ही' हे सर्वनामच आदर सांगते. नामांवरचे टिंब मात्र सोडू नये. 'काकाला शुभेच्छा' आणि 'काकांना शुभेच्छा' ही दोन वेगळी नाती आहेत. केकवर नाव घालायला सांगतानासुद्धा 'आजोबांना' यातले टिंब गळू नये म्हणून दुकानदाराला कागदावर लिहून दिलेले बरे.

आता 'आपण'. हे मराठीतले सर्वांत आदराचे सर्वनाम, आणि सर्वांत फसवेही. कारण 'आपण' म्हणजे समोरचा माणूस, आणि 'आपण' म्हणजे तुम्ही-आम्ही मिळून सगळे. दोन्हींतला भेद फक्त क्रियापद सांगते: 'आपण भेटाल' आणि 'आपण भेटू'. एखाद्या ज्येष्ठ लेखकाला वाढदिवसाचे पत्र 'आपण'ने सुरू केले आणि शेवटी 'आपण लवकरच भेटू' लिहिले, तर एकाच पत्रात 'आपण'चे दोन अर्थ झाले. 'आपल्या भेटीची वाट पाहतो' यात तर क्रियापदही मदतीला येत नाही. ते येणार आहेत, की दोघे भेटणार आहेत? उपाय सोपा आहे. त्यांना 'आपण' म्हणायचे ठरवले की स्वतःला त्या शब्दातून बाहेर काढावे: 'मी लवकरच आपल्याला भेटायला येईन'. शिवाय 'आपण' एकदा धरला की तो शेवटपर्यंत धरावा लागतो. मध्येच 'तुमच्या' आले की आदर कमी होतो असे नाही, पण पहिला 'आपण' उसना होता हे उघड होते. रोज 'सर, तुम्ही' म्हणणाऱ्याने सरांना 'तुम्ही'च लिहावे. 'आपण' मानपत्राला, संस्थेच्या वतीने लिहिलेल्या पत्राला आणि फारशी ओळख नसलेल्या थोरामोठ्यांना शोभतो.

सणांच्या शुभेच्छा याहून सोप्या, कारण त्यांची वाक्ये घडवलेली आहेत आणि बहुतेक आदरार्थी रूपातच घट्ट झालेली आहेत. 'तिळगूळ घ्या, गोड बोला' हे आपण शेजारच्या लहान मुलालाही म्हणतो आणि कोणाला वावगे वाटत नाही. मैत्रिणीला मात्र 'घे, बोल' असे सहज होते. दसऱ्याचे 'सोनं घ्या, सोन्यासारखे राहा' एकेरीत न्यायचे तर 'सोन्यासारखा' की 'सोन्यासारखी' हे ठरवावे लागते. 'सोन्यासारखे' या ठरलेल्या रूपात ती अडचण येत नाही. आणि गणपतीला आरतीत, नवसात तू म्हणणारे आपण विसर्जनाला 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणतो. 'मोरया'शी यमक जुळते हे खरे, पण निरोप देताना पाहुण्याला जे म्हणायचे तेच बाप्पालाही म्हटले जाते, हेही मला तितकेच खरे वाटते.

हे सगळे एकाच मजकुरात एकत्र आले की काय होते, ते एका उदाहरणात पाहू. आईबाबांच्या लग्नाला 50 वर्षे झाली आहेत. घरगुती समारंभात वाचण्यासाठी सगळ्यांच्या वतीने एक पान लिहायचे आहे. मुलगी बाबांना तुम्ही म्हणते, आईला तू. सून दोघांनाही तुम्ही म्हणते. जावई तुम्हीच म्हणतो, पण जपून. नातवंडे दोघांनाही तू म्हणतात. मजकूर मुलीने लिहिला आहे.

पहिले वाक्य बिनघोर आहे: 'आई-बाबा, तुम्हाला लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा.' इथे 'तुम्ही' एकाच वेळी दोन कामे करतो. तो बाबांचा मान आहे आणि दोघांची संख्याही आहे, म्हणून तो सुनेच्या, मुलीच्या, नातवाच्या तोंडीही बसतो. अडचण येते ती दोघांना वेगळे करताना. मुलगी लिहिते, 'बाबा, तुम्ही रात्रपाळ्या करून आम्हाला शिकवलंत. आई, तू शिवणकाम करून घराला हातभार लावलास.' एकामागोमाग आलेले 'त' आणि 'स' मुलीच्या तोंडी अगदी स्वाभाविक आहेत. पण पान सूनबाई वाचणार असेल तर 'आई, तू' तिच्या तोंडून जाणार नाही, आणि 'आई, तुम्ही लावलात' असे तिने बदलले तर ती मुलीची आठवण उरत नाही. मग कोणी सुचवते, तृतीय पुरुषात लिहा. 'बाबांनी रात्रपाळ्या केल्या, आईने शिवणकाम केले.' पण टिंब तिथेही आहेच: 'बाबांनी' यात आहे, 'आईने' यात नाही. सून लिहील तर 'आईंनी' लिहील.

यातून दोनच वाटा निघतात. एक म्हणजे मजकूर वाटून घेणे: ही दोन वाक्ये मुलीने वाचावीत, सुनेने स्वतःची दोन वाक्ये स्वतःच्या 'तुम्ही'ने लिहावीत, नातवाने 'आजी, तू' म्हणावे. दुसरी म्हणजे वाक्यच असे वळवणे की दोघे एकत्र राहतील: 'तुमच्या दोघांच्या कष्टांमुळे आमची शिक्षणं झाली.' दुसरी वाट निर्दोष आहे, पण तिच्यात रात्रपाळ्या आणि शिवणयंत्र राहत नाहीत. मी पहिली निवडीन. एका घरात एकाच बाईला तू आणि तुम्ही दोन्ही म्हटले जाते, तर समारंभातही दोन्ही ऐकू यावेत. शेवटचे वाक्य मात्र सगळ्यांनी मिळून म्हणता येईल असे असावे: 'तुम्हा दोघांना उत्तम आरोग्य लाभो आणि तुमच्या सगळ्या इच्छा पूर्ण होवोत.' आणि खाली 'तुमची मुलं, सून, जावई आणि नातवंडं'.

मित्रांच्या बाबतीत व्याकरण कमी आणि कान जास्त लागतो. रोज 'काय रे' म्हणणाऱ्या मित्राकडून 'आपणांस व आपल्या कुटुंबीयांस दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा' आले की हा संदेश शंभर जणांना गेलेला आहे हे लगेच कळते. त्यात गैर काही नाही, पण उत्तर द्यावेसे वाटत नाही. 'भावा, दिवाळीला कधी येतोस?' याला उत्तर येते. मित्र पुढे मोठ्या पदावर गेला तर कार्यालयातल्या कार्यक्रमात त्याला तुम्ही म्हणणे हे त्या पदाचे भान. घरी गेल्यावर 'तू'वर यायला दोघांनाही वेळ लागत नाही. याउलट, ज्याला आयुष्यभर तुम्ही म्हटले त्याच्याशी भांडताना 'तू' निघाला की लोक म्हणतात, हा एकेरीवर आला. तोच 'तू' शुभेच्छेत जवळचा आणि भांडणात अपमानाचा होतो, म्हणून तो एकतर्फी सुरू करू नये.

तुम्हीवरून तूवर येण्याचा मान वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसाचा असतो. 'अहो-जाहो कशाला, अरे-तुरे कर' हे वाक्य त्याच्याकडून यायला हवे. ते आल्यावर धाकट्याची पंचाईत होते. बोलताना तो 'तू' टाळत राहतो, 'येणार का?', 'झालं का जेवण?' असे बिनकर्त्याचे बोलत राहतो. पण वाढदिवस आला की लिहावेच लागते, आणि तिथे त्याने काय ठरवले ते दिसते. 'म्हणजे अजून तुम्हीच का?' असे मोठ्याने विचारले तर पुढच्या वर्षी 'तुला' लिहून पाहावे. काही जणांना ते कधीच जमत नाही; साठी उलटलेले दोन जिवलग मित्र एकमेकांना तुम्ही म्हणत असतात. त्यांच्या शुभेच्छांत तो 'तुम्ही' तसाच राहू द्यावा. कोणीही तो सुधारायला जाऊ नये.